पक्षकारांचे क्रमांक फेसबुकवरून काढताना

वकिलाच्या मोबाइलमधील संपर्कयादी कोणी सलग वाचली, तर गावोगावच्या घरांत काय चालले आहे हे त्याला बरेचसे कळेल. मी कोल्हापुरात मुख्यतः कौटुंबिक वादांची प्रकरणे चालवते. पक्षकाराचा क्रमांक फोनमध्ये जतन करताना नावापुढे गाव आणि प्रकरणाचे स्वरूप लिहायचे, अशी माझ्या कार्यालयाची जुनी पद्धत होती. ‘सुनीता कागल पोटगी’, ‘पाटील गडहिंग्लज मुलाचा ताबा’ अशा नोंदी असल्या की फोन वाजताच समोर कोण आहे आणि कशाबद्दल बोलायचे आहे हे लक्षात येते. धावपळीच्या दिवशी ही मोठी सोय असते. मात्र त्याच फोनवर फेसबुकचे अ‍ॅप असेल आणि त्याला संपर्क वाचण्याची परवानगी असेल, तर ही नावे जशी लिहिली आहेत तशीच, ‘पोटगी’ आणि ‘ताबा’ या शब्दांसह, त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. तेथून ती काढण्याचे आणि पुन्हा जाऊ नयेत याची व्यवस्था करण्याचे काम मी नुकतेच पूर्ण केले.

या कामाला निमित्त झाले ते एका पक्षकार महिलेच्या प्रश्नाचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील माणसे कामासाठी इकडे येऊ लागली. त्यांपैकी सावंतवाडीकडून आलेल्या या महिलेने वकीलपत्रावर सही करण्याआधी मला विचारले, “मॅडम, माझं नाव तुमच्या फोनात कसं लिहिणार? माझ्या नणंदेला फेसबुकवर कोण कोणाच्या ओळखीचं आहे ते सगळं दिसतं.” नणंदेला माझी यादी दिसणार नाही, हे मी तिला खात्रीने सांगू शकले, कारण एकाने चढवलेली संपर्कयादी फेसबुक दुसऱ्याला उघडून दाखवत नाही. पण ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ अशा ज्या सूचना तेथे येतात, त्या तयार करताना लोकांनी चढवलेल्या याद्यांचाही उपयोग केला जातो, ही गोष्ट कंपनी स्वतःच सांगते. त्यामुळे तिच्या शंकेला आधार नव्हता असे मला म्हणता येईना.

पक्षकार आणि वकील यांच्यातील संवादाची गुप्तता पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ ने राखली जात होती. १ जुलै २०२४ पासून तेच संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आले आहे. फोनमधील नाव हा त्या अर्थाने ‘संवाद’ ठरतो का, यावर कोणी वाद घालू शकेल. माझ्या मते हा वाद घालत बसण्याचे कारण नाही. एखादी स्त्री घटस्फोटासाठी वकिलाकडे गेली आहे, ही माहिती तिने मला दिलेली आहे, आणि ती तिसऱ्या कोणाच्या यादीत असण्याचे काहीही प्रयोजन नाही.

शिवाय सर्व्हरवर पडून असलेली यादी स्वस्थ पडून राहतेच असे नाही, याचे उदाहरण नोंदलेले आहे. जून २०१३ मध्ये फेसबुकनेच जाहीर केले होते की, एका तांत्रिक दोषामुळे सुमारे ६० लाख लोकांचे ईमेल पत्ते किंवा दूरध्वनी क्रमांक इतरांच्या हाती गेले. कारण समजून घेण्यासारखे आहे. वेगवेगळ्या लोकांनी चढवलेल्या याद्या जुळवून मित्रांच्या सूचना तयार केल्या जात होत्या, आणि त्या जुळवाजुळवीत एकाने दिलेला क्रमांक दुसऱ्याच्या खात्याच्या माहितीला चिकटला. पुढे त्या व्यक्तीशी काही संबंध असलेल्या कोणी आपल्या माहितीची प्रत उतरवून घेतली, की त्या प्रतीत हा क्रमांकही येत असे. तो दोष त्या वेळी दूर करण्यात आला. पण ज्या व्यक्तीचा क्रमांक फुटला तिने तो फेसबुकला स्वतः दिलेलाच नसेल, तिच्या ओळखीच्या कोणीतरी दिलेला असेल, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. माझ्या पक्षकारांच्या बाबतीत ती ओळखीची व्यक्ती म्हणजे मी.

म्हणून प्रथम मी चढलेली यादी डोळ्यांनी पाहायचे ठरवले. ती मोबाइलपेक्षा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर नीट वाचता येते. संगणकाच्या ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने प्रवेश करून पुढील पत्ते उघडले की फेसबुक अ‍ॅपमधून आणि मेसेंजरमधून आलेल्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात.

```
facebook.com/mobile/facebook/contacts
facebook.com/mobile/messenger/contacts
```

या दोन याद्या स्वतंत्र आहेत, हे ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे. एक रिकामी केल्याने दुसरी रिकामी होत नाही. माझ्या खात्यात मेसेंजरची यादी फेसबुकच्या यादीपेक्षा मोठी निघाली, कारण मेसेंजरमधील परवानगी अधिक काळ चालू होती. दोन्ही मिळून दोन हजारांहून अधिक नोंदी होत्या. त्यांत न्यायालयातील सहकारी, कसबा बावड्याचा गॅसवाला, माझ्या मुलीच्या शाळेची बस चालवणारे काका आणि पूर्वी कधीतरी निकाली निघालेल्या प्रकरणांतील पक्षकार, असे सगळे एकत्र होते. यांपैकी कित्येक नोंदी माझ्या फोनमधून मी केव्हाच पुसल्या होत्या, तरी त्या येथे शिल्लक होत्या. निकाल झाल्यावर मूळ कागद आपण फाडून टाकला, म्हणून ज्याने त्याची नक्कल आधीच काढून नेली आहे त्याच्याकडची नक्कल फाटत नाही, तसाच हा प्रकार आहे. फोनमधील नोंद पुसणे आणि सर्व्हरवरील नोंद पुसणे या दोन स्वतंत्र कृती आहेत, आणि दुसरी कृती आपण मुद्दाम जाऊन केल्याशिवाय होत नाही.

यादी पाहिल्यावर तेथेच असलेले सर्व नोंदी पुसण्याचे बटण दाबावे, असा मोह होतो. ते आधी दाबून उपयोग नसतो. अ‍ॅपमधील चढवण्याची सोय चालू असेल, तर ती एकदाच यादी घेऊन थांबत नाही. ती वेळोवेळी फोनमधील यादी पुन्हा पाहते आणि तेथे जे असेल ते पुन्हा वर पाठवते. त्यामुळे आज रिकामी केलेली यादी काही काळाने पुन्हा भरलेली दिसते, आणि पुसण्याचे बटण कामच करत नाही असा समज होतो. बटण आपले काम चोख करत असते, मागून भरती चालू राहिलेली असते. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: आधी अ‍ॅपमधील सोय बंद करायची, मग फोनची परवानगी काढून घ्यायची, आणि या दोन्ही गोष्टी प्रत्येक उपकरणावर झाल्यानंतरच सर्व्हरवरील यादी पुसायची.

फेसबुक अ‍ॅपमध्ये मी मेन्यूतून Settings & privacy, तेथून Settings आणि तेथून Accounts Center असा मार्ग धरला. त्यात Your information and permissions या भागात Upload contacts असा पर्याय आहे. तो उघडल्यावर आपली खाती दिसतात, आणि प्रत्येक खात्यासमोर जाऊन ही सोय स्वतंत्रपणे बंद करावी लागते. इन्स्टाग्रामचे खाते याच Accounts Center ला जोडलेले असेल, तर तेही तेथेच दिसते. माझे तसे जोडलेले होते, आणि तेथील सोयही मी बंद केली. मेसेंजरसाठी मी मेसेंजरचेच अ‍ॅप उघडून त्याच्या सेटिंग्जमधील Phone contacts या ठिकाणी जाऊन Upload contacts बंद केले. अ‍ॅपची आवृत्ती बदलली की हे पर्याय थोडे इकडेतिकडे सरकतात. अशा वेळी सेटिंग्जच्या शोधपट्टीत contacts असे लिहिले की तेथे पोहोचता येते. मराठीतून अ‍ॅप वापरणाऱ्यांनी ‘संपर्क’ हा शब्द शोधावा.

यानंतरचा टप्पा फोनचा आहे. माझा फोन अँड्रॉइडचा आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये Apps मध्ये जाऊन फेसबुक निवडले, Permissions उघडले आणि Contacts समोर Don't allow केले. मेसेंजर आणि इन्स्टाग्रामसाठी हेच पुन्हा केले. त्याच सेटिंग्जमध्ये परवानग्यांचे एक एकत्रित पानही असते, ज्याला Permission manager म्हणतात. त्यात Contacts वर गेले की संपर्क वाचू शकणारी फोनमधील सगळी अ‍ॅप्स एका यादीत दिसतात. मी ती यादी शेवटपर्यंत वाचली आणि ज्या अ‍ॅपला पक्षकारांची नावे कळण्याचे कारण मला सांगता येईना, त्या प्रत्येकाची परवानगी काढली. आयफोन असलेल्यांना हे पान Privacy & Security मधील Contacts येथे सापडते. २०२४ च्या आयओएस १८ पासून तेथे संपूर्ण यादीऐवजी निवडक संपर्कच एखाद्या अ‍ॅपला दाखवण्याची सोय झाली आहे. माझ्या फोनवर मात्र परवानगी एक तर पूर्ण यादीची असते किंवा अजिबात नसते.

माझ्या ज्युनिअरने येथे एक रास्त शंका काढली. फोनची परवानगीच काढली असेल, तर अ‍ॅपमधील सोय वेगळी बंद करण्याची गरज काय, असे त्याने विचारले. परवानगी काढली की अ‍ॅपला यादी दिसत नाही आणि चढवणे थांबते, हे खरे आहे. पण अ‍ॅपमधील सोय चालूच राहिली असेल, तर पुढे कधी एखाद्या कामासाठी परवानगी दिली गेली की चढवणे आपोआप पुन्हा सुरू होते आणि त्याबद्दल वेगळे काही विचारले जाईलच असे नाही. दोन्ही बंद असतील, तर एक चुकून उघडली गेली तरी दुसरी आडवी येते. उलट बाजूने पाहिले, तर केवळ अ‍ॅपमधील सोय बंद करून परवानगी तशीच ठेवणे म्हणजे त्या अ‍ॅपच्या प्रत्येक पुढील आवृत्तीवर विश्वास ठेवणे होय. पक्षकारांच्या नावांच्या बाबतीत तेवढा विश्वास ठेवण्याची माझी तयारी नाही.

एवढे झाल्यावर संगणकावर परत जाऊन दोन्ही पानांवरील नोंदी मी पुसल्या. पुसण्यापूर्वी त्या नोंदींची प्रत उतरवून घ्यावी का, याचा मी विचार केला होता. फेसबुक आपल्या माहितीची प्रत उतरवून घेण्याची सोय देते आणि काय काय गेले होते याचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडली असती. पण त्यामुळे तीच सगळी नावे लॅपटॉपवरील आणखी एका फाइलमध्ये आली असती आणि ती फाइल सांभाळण्याचे नवे काम माझ्याकडे आले असते. म्हणून पडद्यावर वाचून जे समजले तेवढ्यावर मी थांबले. हटवण्याची सूचना दिल्यावर तेथे असेही सांगितले जाते की, मित्रांच्या सूचनांवर याचा परिणाम होईल आणि सगळे निघून जाण्यास काही वेळ लागू शकतो. त्यामुळे पान लगेच रिकामे दिसले नाही, तर घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचे कारण नाही.

यादी रिकामी दिसणे आणि ती रिकामीच राहणे यांत फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने दुसरे अधिक महत्त्वाचे होते. त्याची खात्री करण्यासाठी मी एक चाचणीची नोंद तयार केली. माझ्याच दुसऱ्या सिमचा क्रमांक घेऊन तो ‘चाचणी रंकाळा’ अशा नावाने फोनमध्ये जतन केला. हे नाव अन्य कोठूनही येण्याची शक्यता नव्हती. ते फेसबुकच्या यादीत उगवले, तर चढवणे कोठून तरी चालू आहे हे निःसंशय सिद्ध झाले असते. काही दिवसांनी पाहिले, तेव्हा मेसेंजरचे पान रिकामे होते, पण फेसबुकच्या पानावर ‘चाचणी रंकाळा’ उभी होती, आणि तिच्या आगेमागे इतर नोंदीही परतल्या होत्या.

माझ्या फोनवर सोय बंद होती आणि परवानगीही नव्हती, हे मी पुन्हा तपासले. मग नोंद गेली कशी? अँड्रॉइड फोनमध्ये नवा संपर्क जतन करताना तो कोठे ठेवायचा हे निवडता येते. तो गूगल खात्यात ठेवला, तर त्याच गूगल खात्याने चालणाऱ्या प्रत्येक उपकरणावर जाऊन पोहोचतो. फक्त त्या उपकरणावर ठेवला, तर तेथेच राहतो. माझी पहिली चाचणी नोंद गूगल खात्यात होती. म्हणून मी दुसरी नोंद केली, ‘चाचणी पंचगंगा’, आणि ती फक्त फोनवर ठेवली. फेसबुकची यादी पुन्हा पुसली, आणि थोडे थांबून पाहिले. ‘रंकाळा’ परत आली आणि ‘पंचगंगा’ आली नाही. याचा अर्थ सरळ होता: माझा फोन काहीही पाठवत नव्हता, पण माझेच गूगल खाते असलेले दुसरे एखादे उपकरण पाठवत होते.

ते उपकरण शोधण्यासाठी Accounts Center मधील Password and security या भागात Where you're logged in हे पान आहे. खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडलेले आहे याची यादी तेथे उपकरणाच्या नावासह मिळते. त्यात माझा फोन आणि लॅपटॉप यांच्याबरोबर आमच्या कार्यालयातील टॅबलेट दिसला. हा टॅबलेट आमचे कारकून वापरतात. बोर्डावरील प्रकरणे आणि पुढच्या तारखा ते त्याच्यावरून पाहतात. कार्यालयाच्या पानावर सुट्यांची सूचना टाकता यावी म्हणून आमच्याकडे पूर्वी काम करून गेलेल्या एका ज्युनिअरने माझ्या खात्याने त्यावर फेसबुक उघडून ठेवले होते. गूगलचे खातेही माझेच असल्यामुळे माझी सगळी संपर्कयादी त्यावर आपोआप उतरत होती, आणि तेथील फेसबुक अ‍ॅप ती परवानगीसह वाचत होते.

टॅबलेटवर मी तीन गोष्टी केल्या. फेसबुक अ‍ॅपमधील चढवण्याची सोय बंद केली आणि परवानगी काढली, ही पहिली. दुसरी गोष्ट म्हणजे सेटिंग्जमधील गूगल खात्यात जाऊन केवळ Contacts ची देवाणघेवाण बंद केली. दिनदर्शिका मात्र चालू ठेवली, कारण तारखांसाठी कारकुनांना तिचा उपयोग होतो. तिसरी गोष्ट म्हणजे टॅबलेटवर आधीच उतरलेले संपर्क काढले. येथे एका बाबीची काळजी घ्यावी लागते. देवाणघेवाण चालू असताना टॅबलेटवरील संपर्क हाताने पुसले, तर ते गूगल खात्यातूनही आणि म्हणून फोनमधूनही पुसले जातात. म्हणून आधी देवाणघेवाण बंद करायची. त्यानंतरही मी हाताने न पुसता टॅबलेटच्या संपर्क अ‍ॅपचा आणि Contacts Storage या नावाने दिसणाऱ्या साठ्याचा डेटा साफ केला, म्हणजे पुसण्याची सूचना खात्याकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. फोनमधील यादी शाबूत आहे याची खात्री करून फेसबुकची यादी पुन्हा पुसली. त्यानंतर ‘रंकाळा’ आणि ‘पंचगंगा’ या दोन्ही नोंदी मी फोनमध्ये तशाच ठेवल्या आहेत, आणि आजवर त्यांपैकी एकही फेसबुकच्या पानावर आलेली नाही.

या सगळ्याची मर्यादा मी सावंतवाडीच्या त्या महिलेला स्पष्ट सांगितली. मी फक्त माझ्याकडून गेलेली नोंद काढू शकते. तिचा क्रमांक तिच्या भावाने, मैत्रिणीने किंवा त्या नणंदेने आपापल्या फोनमधून चढवलेला असेल, तर तो त्यांच्या खात्यांच्या नावे तेथे राहतो. त्यासाठी मेटा कंपनीने एक वेगळे पान ठेवले आहे, आणि त्याची चर्चा २०२२ मध्ये झाली होती. फेसबुकवर खाते नसलेल्यालाही ते वापरता येते.

```
facebook.com/contacts/removal
```

तेथे आपला मोबाइल क्रमांक, घरचा दूरध्वनी किंवा ईमेल यांपैकी काय तपासायचे ते निवडायचे आणि फेसबुक व मेसेंजर किंवा इन्स्टाग्राम यांपैकी कोठे शोधायचे ते सांगायचे. क्रमांक आपलाच आहे हे पटवण्यासाठी त्यावर संदेशाने एक संकेतांक येतो, तो भरायचा. कोणीतरी चढवलेल्या याद्यांत तो क्रमांक सापडला, तर तो काढून टाकावा आणि पुढे पुन्हा चढवू देऊ नये, अशी सूचना देता येते. पुन्हा चढू न देण्यासाठी तो क्रमांक त्यांना एका अडवणुकीच्या यादीत ठेवावाच लागतो, हे त्याच पानावर सांगितलेले आहे, आणि ते तर्काला धरूनच आहे. संकेतांक त्या महिलेच्याच फोनवर येणार असल्यामुळे हे काम तिच्या वतीने मला करता आले नसते. माझ्या कार्यालयात बसून तिने ते स्वतः केले. कौटुंबिक प्रकरणांतील ज्या पक्षकारांना सासरच्या किंवा माहेरच्या लोकांकडून शोधले जाण्याची भीती आहे, त्यांना मी आता हे पान दाखवते.

सर्व्हर रिकामा झाला तरी फोनमधील नोंदी पूर्वीसारख्याच राहिल्या असत्या, तर उद्या दुसऱ्या कोणत्या अ‍ॅपने त्या नेल्या असत्या. म्हणून नावांची पद्धतच मी बदलली. आता फोनमध्ये पक्षकाराच्या नावापुढे कार्यालयातील फाइलचा क्रमांक लिहिला जातो, उदाहरणार्थ ‘सुनीता ११४’, आणि ११४ म्हणजे काय हे फक्त कपाटातील नोंदवहीत असते. जुन्या नोंदी बदलण्याचे काम कंटाळवाणे आहे, आणि माझा ज्युनिअर ते संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून थोडे थोडे करतो आहे. फोन वाजल्यावर ११४ म्हणजे कोणते प्रकरण हे पटकन आठवत नाही, हा तोटा आहे, आणि मी तो पत्करला आहे. गूगल खात्यातही ही यादी एका कंपनीकडेच असते, हे मला मान्य आहे. पण फोन हरवला तर पक्षकारांचे क्रमांक परत मिळणे माझ्या कामासाठी आवश्यक असल्यामुळे तेवढी एक प्रत मी जाणूनबुजून ठेवली आहे, आणि तिच्यातील नावांतून प्रकरणाचा उल्लेख मात्र काढून टाकते आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची परवानगी मी काढलेली नाही. तेथे ती काढली, तर समोरच्याचे आपण जतन केलेले नाव दिसेनासे होते, आणि न्यायालयाच्या आवारातून दिवसभर येणाऱ्या संदेशांत कोण काय विचारत आहे हे ओळखणे अशक्य होते. एक्सवरही माझे खाते आहे. तेथे Settings and privacy मधील Privacy and safety या भागात Discoverability and contacts असे पान असून चढवलेले संपर्क काढण्याची सोय त्यातच आहे. तेथेही आधी समक्रमण बंद आणि मग पुसणे, हाच क्रम मी ठेवला, आणि टॅबलेटवर एक्स नसल्यामुळे ते काम तेवढ्यावरच पूर्ण झाले.

नवा फोन घेतला की हे सगळे पुन्हा एकदा ऐरणीवर येते, कारण अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना संपर्क शोधण्याचा आग्रह करते आणि आधीच्या फोनवरील नकार नव्या फोनला लागू होईलच असे नाही. कार्यालयासाठी अलीकडे घेतलेल्या फोनवर म्हणूनच मी अ‍ॅप उतरवल्यावर ते उघडण्याआधी फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन संपर्कांची परवानगी नाकारलेली आहे हे पाहिले, प्रवेश करताना आलेल्या विनंतीला नकार दिला, Upload contacts बंद असल्याचे तपासले, आणि त्या फोनवरही एक चाचणीची नोंद जतन करून ठेवली.